पडवीचा रेंडर: आय लेव्हल म्हणजे माणूस उभा कुठे आहे?

प्रश्न: कोकणातल्या घराच्या पुढच्या पडवीचा रेंडर करतोय, SketchUp आणि V-Ray वर. पडवी २४ बाय ८ फूट, जोतं २ फूट, खाली ८ इंची नक्षीच्या सिमेंट टाइल्स, मधे सागवानी झोपाळा, पुढे चार बारीक, ५ इंची गोल खांब. कॅमेरा ५ फूट ६ इंचावर ठेवलाय, सगळं फ्रेममध्ये यावं म्हणून लेन्स १८. तरी क्लायंट म्हणतात नॅचरल वाटत नाही, कडेचे खांब जाड दिसतात, टाइल्स तर दिसतच नाहीत. काय चुकतंय?

उत्तर: मला वाटतं मटेरियल, लाइट वगैरे नंतरचं, आधी एकच गोष्ट विचारतो, ५ फूट ६ इंच हे कुठून मोजलंत? पडवीच्या फरशीपासून की अंगणापासून? कारण बहुतेक वेळा असं होतं की Position Camera ने पडवीच्या फरशीवर क्लिक केलेलं असतं, कॅमेरा तिथून ५'६" वर बसतो, आणि मग घर फ्रेममध्ये बसेना म्हणून तो तसाच सरळ मागे अंगणात ओढला जातो. अंगण दोन फूट खाली आहे. म्हणजे आता बघणाऱ्याचे डोळे जमिनीपासून साडेसात फुटांवर गेले, आणि तिथून कुणीच कधी घर बघत नाही. क्लायंटला हे शब्दात सांगता येत नाही, ते फक्त म्हणतात काहीतरी वेगळं वाटतंय. त्यांचं बरोबर असतं.

मुळात ५'६" हा आकडाही जरा जास्तच आहे. SketchUp चा तो डिफॉल्ट आहे म्हणून सगळे ठेवतात, पण डोळे डोक्याच्या वरच्या टोकापासून चार-साडेचार इंच खाली असतात, म्हणजे डोळे ५'६" वर असलेला माणूस जवळजवळ ५'१०" उंच झाला. मी घरगुती कामात ५' ते ५'२" च्या मधे ठेवतो. बायकांचा, वयस्कर माणसांचा नजरेचा टप्पा त्याहूनही खाली असतो आणि पडवी ही त्यांचीच जागा असते जास्त करून.

तपासायची सोपी पद्धत सांगतो. कॅमेरा कुठल्याही उंचीवर ठेवा, चित्रातली क्षितिजरेषा त्याच उंचीवरून जाते आणि समोरच्या प्रत्येक वस्तूला त्याच उंचीवर कापते, वस्तू जवळ असो नाहीतर लांब. तर एक माणसाचा कॉम्पोनंट घ्या, साडेपाच फूट उंचीचा, एक अंगणात उभा करा आणि एक पडवीत. तुम्ही अंगणातून बघताय तर अंगणातल्या माणसाच्या डोळ्यांतून क्षितिज गेलं पाहिजे आणि पडवीतल्या माणसाच्या साधारण कमरेच्या थोडं वरून, कारण ५'२" मधून जोत्याचे २' गेले की पडवीच्या फरशीपासून ३'२" च उरतात. तुमच्या रेंडरमध्ये जर क्षितिज पडवीतल्या माणसाच्या डोळ्यांतून आणि अंगणातल्या माणसाच्या डोक्यावरून जात असेल तर वर म्हटलं तीच चूक झालीय, दुसरं काही शोधत बसू नका.

आता खांबांचं. हे लेन्समुळे होतंय आणि यात V-Ray चा काही दोष नाही. सपाट चित्रावर गोल खांब जितका कडेला जाईल तितका तो आडवा ताणला जातो. आणि गंमत म्हणजे कडेचा खांब कॅमेऱ्यापासून मधल्या खांबापेक्षा लांब असतो तरी चित्रात तो मधल्यापेक्षा जाड येतो. किती जाड, तर तो खांब कॅमेऱ्याच्या सरळ रेषेपासून किती अंश बाजूला आहे त्याच्यावर ठरतं, १ भागिले त्या कोनाचा कोसाइन. तुमची १८ ची लेन्स (३६ मिमीचा सेन्सर धरून) एकूण ९० अंश बघते, म्हणजे अगदी कडेचा खांब ४५ अंशांवर, आणि तो सुमारे ४१ टक्के जास्त जाड. तुमचा ५ इंची खांब ७ इंची दिसतोय. बारीक खांबांचं डिझाइन केलंत आणि लेन्सने ते घालवलं असं झालं. (चौकोनी खांब असते तर समोरची बाजू ताणली गेली नसती पण आतली बाजूची कड जास्त दिसायला लागली असती, तिथेही जाडच वाटतात.)

२८ ची लेन्स लावून मागे गेलात, म्हणजे २० फुटांवर, तर कडेचे खांब ३१ अंशांवर येतात, जाडी १७ टक्क्यांनी वाढते. ३५ लावून २६ फुटांवर गेलात तर १० टक्के, जे कुणाच्या लक्षात येत नाही. म्हणून खांब बारीकच दिसायला हवे असतील तर लांब जा आणि लेन्स वाढवा, दुसरा उपाय नाही. SketchUp मध्ये Zoom टूल घेऊन `35mm` टाइप केलं की झालं. फक्त अंगण खरंच तेवढं खोल आहे का ते बघा. गडगा १५ फुटांवर असेल तर २६ फुटांवरचा कॅमेरा गडग्याच्या पलीकडे रस्त्यावर जातो. गडगा लपवून रेंडर काढता येतो, मीही काढलेत, पण मग रस्त्याची पातळी अंगणापेक्षा खाली-वर असते ती धरून उंची परत मोजावी लागते.

इथपर्यंत केलंत की खांब सुधारतील, पण टाइल्सचं काय होईल ते मुद्दाम आकड्यात सांगतो, कारण खरी अडचण इथे आहे. अंगणात माणसाच्या उंचीवर, ३५ च्या लेन्सने, २६ फुटांवरून बघितलं तर पडवीची ८ फूट रुंद फरशी चित्राच्या उंचीत फक्त ४ टक्के जागा घेते. चार टक्के! डोळे फरशीपासून ३'२" वरच आहेत, फरशी एकदम तिरपी दिसते, एक पट्टी उरते नुसती. तुमच्या सध्याच्या १८ च्या लेन्सला, कॅमेरा साडेसात फुटांवर असूनसुद्धा, ती साधारण १४ टक्के असणार. मग माणूस काय करतो, टाइल्स दिसाव्यात म्हणून कॅमेरा अजून वर नेतो, आणि जितका वर नेतो तितकं ते चित्र माणसाच्या नजरेचं राहत नाही.

म्हणजे घराचा पूर्ण दर्शनी भाग आणि नक्षीची फरशी, हे दोन्ही माणसाच्या नजरेतून एका चित्रात येऊ शकत नाही. प्रत्यक्षातही येत नाही, आपण गेटातून आत येताना घर दिसतं, खांब दिसतात, वळचण दिसते, पायऱ्या चढलो की मग फरशी दिसते. तुमचा विषय जर पडवी, फरशी आणि झोपाळा असेल तर पायऱ्या चढा. कॅमेरा पडवीत आणा.

मी दापोलीकडच्या एका घराचं काम केलं होतं, मापं जवळजवळ तुमच्यासारखीच. पहिला रेंडर मी समोरून, उंचावरून दिला होता, फरशी मस्त दिसत होती. घरातल्या आजींनी बराच वेळ बघितला आणि म्हणाल्या, "इथून तर आम्ही घर कधीच बघत नाही." नंतर त्याच मॉडेलमधून पडवीच्या टोकाला उभं राहून काढलेला रेंडर दाखवला, तर झोपाळा कुठे टांगायचा, तुळशीवृंदावन इथून दिसेल का, असं बोलणं सुरू झालं. तेव्हापासून मी पडवीचं चित्र पडवीतूनच काढतो, आणि समोरचं चित्र वेगळं देतो. तुमच्या मापांवर ते कसं बसतं ते सांगतो.

पडवीच्या एका टोकाला, टोकापासून फूटभर आत, उभे राहा. भिंतीच्या बाजूला राहा, भिंतीपासून २ फुटांवर, खांबांच्या बाजूला नको. हे फार महत्त्वाचं आहे. चार खांब ८-८ फुटांवर आहेत, तुम्ही भिंतीकडून बघितलंत तर खांबांची रांग तुमच्यापासून ६ फूट बाजूला राहते, मग दुसरा, तिसरा, चौथा खांब ४१, २२ आणि १५ अंशांवर, असे मोकळे मोकळे दिसतात आणि मधून अंगण दिसतं. खांबांपासून २ फुटांवर उभे राहिलात तर तेच १६, ८ आणि ५ अंशांवर येतात, म्हणजे एकामागे एक चिकटून, कुंपणासारखे. बारीक खांबांची मजा त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत आहे, ती घालवू नका.

उंची फरशीपासून ५ फूट, लेन्स २८, आणि कॅमेरा पडवीच्या लांबीच्या दिशेने, पण थोडासा अंगणाकडे वळवलेला, १२ ते १५ अंश. एवढं वळवलं की जवळचा खांब कडेच्या अगदी आत, सुमारे २७ अंशांवर येतो आणि त्याची जाडी १२ टक्क्यांच्या आसपासच वाढते. आता कॅमेरा खाली झुकवायचा मोह होईल फरशी दिसावी म्हणून, तो झुकवू नका, झुकवला की खांब खाली निमुळते होत जातात. Camera मेन्यूतून Two-Point Perspective लावा आणि मग Pan ने चित्र वर सरकवा, क्षितिज फ्रेमच्या वरून एक तृतीयांशावर येईपर्यंत. खांब उभेच्या उभे राहतात आणि फरशी जास्त येते. ४:३ ची फ्रेम धरली तर तुमच्या पायापासून साधारण ८ फुटांवरून फरशी दिसायला लागते आणि पलीकडच्या टोकापर्यंत चित्राच्या उंचीचा ४० टक्क्यांहून जास्त भाग फरशी घेते. समोरून ४, इथून ४०. आणि कॅमेरा माणसाच्याच उंचीवर. एक लक्षात ठेवा, Two-Point मध्ये असताना चुकून Orbit केलंत की ते सुटतं, म्हणून आधी सीन सेव्ह करा.

दुसरा पर्याय म्हणजे बसलेली नजर. पडवी ही बसायची जागा आहे, खुर्चीत बसलेल्या माणसाचे डोळे ४ फुटांच्या आसपास असतात. तिथून झोपाळा मोठा, आपलासा वाटतो, छत जास्त दिसतं, फरशी कमी होते. तुमच्या टाइल्स महागाच्या, खास करून घेतलेल्या असतील तर उभ्या नजरेचं चित्र घ्या. क्लायंटना घराचा अनुभव दाखवायचा असेल तर बसलेलं. मला स्वतःला बसलेलं जास्त आवडतं.

पण पडवीत आलात की फरशी म्हणजे मोजपट्टी होते, आणि इथे बऱ्याच जणांचं चुकतं. टाइल ८ इंची असेल तर ८ फुटांत १२ आणि २४ फुटांत ३६ बसल्या पाहिजेत (काठाच्या पट्टीच्या टाइल्स धरून). रेंडरवर खरंच मोजा, बोट ठेवून. होतं काय की टेक्स्चरच्या फोटोत दोन बाय दोन, म्हणजे चार टाइल्स असतात, त्या इमेजची रुंदी १६ इंच द्यायला हवी, आणि ती राहते ३ फुटांवर वगैरे. मग एक टाइल दीड फुटाची होते आणि सगळी पडवी बाहुलीच्या घरासारखी लहान वाटते. झोपाळा लहान वाटला म्हणून मग झोपाळा मोठा केला जातो, आणि चूक वाढत जाते. टाइल्सची सुरुवात कुठून आहे तेही बघा, अर्धी टाइल भिंतीकडे लपवतात, खांबांच्या कडेला पूर्ण टाइल येते, गवंडी तसंच लावतो.

सांधे बारीक ठेवा. सिमेंट टाइल्स जवळजवळ चिकटूनच लावतात, एक-दोन मिलिमीटर. बम्प जास्त दिला तर लांबच्या टोकाला ते सांधे एकमेकांत मिसळून लाटांसारखे दिसायला लागतात, तसं दिसलं तर आधी बम्प कमी करा, मग सॅम्पल्स वाढवा. आणि चकाकी. तिरप्या नजरेला कुठलीही फरशी जास्त चकाकते, फ्रेनेलमुळे, त्यामुळे लांबच्या टाइल्सची नक्षी अंगणाच्या उजेडात थोडी पुसली जाणारच, ते खरं आहे, ते दाबून टाकू नका. फक्त आरशासारखं प्रतिबिंब नको. मी ग्लॉसीनेस ०.७ च्या आसपास ठेवतो आणि वर थोडा डागाळलेला मॅप, कारण जिथे लोक चालतात तिथे फरशी गुळगुळीत होते आणि भिंतीकडे कमी.

झोपाळ्याचं माप बघू. पाट ५ बाय २ फूट, बसायची उंची फरशीपासून दीड फूट, कड्या वर तुळईलाच अडकलेल्या. हे सांगायचं कारण, समोरून बघताना वळचणीमुळे वरचं काही दिसत नाही, पण पडवीतून बघितलं की वासे, रीपा, कौलांची खालची बाजू सगळं दिसतं, आणि कड्या जर दोन वाशांच्या मधल्या मोकळ्या जागेत अडकलेल्या असतील तर कोकणातला कुठलाही माणूस ते आधी बघतो. तुळई फरशीपासून ९ फुटांवर धरली तर कडी साडेसात फुटांची, १५ अंशांचा झोका घेतला तर पाट दोन फूट पुढे जातो. तुमच्या ८ फुटांत पाट मधोमध टांगला तर दोन्ही बाजूला ३-३ फूट आहेत, म्हणजे झोका घेऊन फूटभर उरतं, बेताचंच आहे, पाय लांब केले की भिंतीला लागणार. पडवी ६ फुटांची असती तर झोपाळा लांबीच्या दिशेने फिरवून टांगावा लागला असता. रेंडरमध्ये पाट अगदी काटकोनात ठेवू नका, दोन-तीन अंश फिरवा, रिकामा झोपाळा कधी सरळ थांबत नाही.

आणि कड्या विरुद्ध खांब. दोन्ही उभ्या, बारीक रेषा. एक कडी बरोबर एका खांबाच्या कडेवर आली तर तो खांब चित्रात जाड किंवा डागाळलेला वाटतो, किंवा झोपाळा खांबालाच टांगलाय असं दिसतं. फायनल काढायच्या आधी कॅमेरा अर्धा फूट डावीकडे-उजवीकडे सरकवून चारही कड्या आणि खांब यांच्यामध्ये उजेड दिसतोय ना ते बघा.

उजेडाचं थोडक्यात. वळचण फरशीपासून ७ फुटांवर आणि फरशीच्या कडेपासून २ फूट बाहेर धरली, आणि सूर्य समोर असला, तर सूर्य ३५ अंशांवर असताना ऊन थेट मागच्या भिंतीच्या पायाशी पोचतं आणि ५० अंशांवर साधारण ४ फूट, म्हणजे अर्ध्या फरशीपर्यंत. मी ५० च्या आसपास ठेवतो, खांबांच्या सावल्या फरशीवर पडतात, ऊन पाटाच्या खालपर्यंत येतं आणि भिंत सावलीत राहते. घर पूर्वेला तोंड करून असेल तर ही सकाळ झाली, पश्चिमेला असेल तर दुपार. दिशा खरी घ्या, घरच्यांना माहीत असतं ऊन कधी कुठपर्यंत येतं. उत्तरेला तोंड असेल तर वर्षातला बराच काळ पडवीत थेट ऊन येणारच नाही, मग ऊन टाकू नका, नुसता आकाशाचा मऊ उजेड ठेवा.

एक सावधगिरी, हे चित्रापुरतं नाही. ५ इंची खांब तुम्ही कशाचा धरलाय? सागवान किंवा स्टीलचा पाइप असेल तर ठीक, पण घर आरसीसी फ्रेमचं असेल तर स्ट्रक्चरल इंजिनिअर ५ इंचाचा कॉलम देणार नाहीत, ९ इंच तरी मागतील, आणि भूकंपाच्या डिटेलिंगचा कोड, IS 13920, २०१६ च्या आवृत्तीपासून किमान ३०० मिमी सांगतो. क्लायंटनी बारीक खांबांवर हो म्हटलं आणि जागेवर फूटभर जाड खांब उभे राहिले, तर रेंडर किती नॅचरल होता याला काही अर्थ राहत नाही. आधी इंजिनिअरना विचारा, पडवीचं छप्पर मुख्य फ्रेमपासून वेगळं, हलकं, लाकडी किंवा स्टीलच्या खांबांवर घेता येईल का. घेता आलं तर ५ इंच धरून पुढे जा, नाहीतर खांबांचं डिझाइनच बदला आणि मग कॅमेरा लावा.

अंगणाची खोली किती आणि घराचं तोंड कुठल्या दिशेला ते तुम्ही लिहिलेलं नाही. ते कळलं तर समोरच्या चित्रासाठी २८ बसेल की ३५, आणि सूर्य किती वाजताचा ठेवायचा, ते मोजून सांगता येईल.